टार्गेटला सत्तर, कौशल्यांना तीस. तरी यादी कौशल्यांचीच का होते?

सेल्सची जागा निघते. जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘टार्गेट पूर्ण केल्याचा अनुभव सर्वांत महत्त्वाचा’. अर्ज येतात, प्रत्येकाला शंभरपैकी गुण मिळतात, आणि मुलाखतीला बोलावलेल्यांची यादी पाहिली की वरच्या नावांमध्ये दिसतात ते ज्यांच्या रेझ्युमेत पंधरा कौशल्यांची लांबलचक रांग आहे ते. तीन-तीन वर्षं टार्गेट गाठणारी माणसं खाली कुठेतरी अडकलेली. उमेदवार म्हणतो, ओळखीचे लोक घेतले असणार. एचआरवाले म्हणतात, छे, आम्ही टार्गेटला ७० टक्के वेटेज दिलं होतं. बहुतेक वेळा दोघंही प्रामाणिक असतात. गडबड गुणपत्रिकेत असते.

## वेटेज कागदावरचं आणि खरं

वेटेज म्हणजे एकूण गुणांपैकी एखाद्या गोष्टीला दिलेला वाटा. तो वाटा मोठा ठेवला की ती गोष्ट निर्णायक होते असं आपण धरून चालतो. तसं होतंच असं नाही.

एक परीक्षा घ्या. प्रात्यक्षिकाला ७० गुण, लेखीला ३०. प्रात्यक्षिकात परीक्षक उदार, म्हणून वर्गातल्या सगळ्यांना ६५ ते ७० मिळाले. लेखीत मात्र कोणाला ५, कोणाला २८. आता पहिला क्रमांक कोण ठरवणार? लेखी परीक्षा. प्रात्यक्षिकाचे गुण सत्तर असले तरी त्यात मुलामुलांमधला फरकच नाही, आणि क्रमवारी फरकावर लागते.

म्हणजे एखाद्या रकान्याचा खरा प्रभाव त्याच्या कमाल गुणांवर अवलंबून नसतो. त्यात उमेदवारांचे गुण किती पसरलेले आहेत यावर असतो. भरतीच्या गुणपत्रिकेत हे हमखास घडतं, कारण सेल्समधल्या जवळजवळ प्रत्येकाच्या रेझ्युमेत ‘टार्गेट ओलांडलं’ असं लिहिलेलं असतं. टार्गेटचा रकाना सगळ्यांसाठी भरून वाहतो आणि निर्णय आपोआप कौशल्यांकडे जातो.

## तीन अर्ज, एक गुणपत्रिका

समजा जागा अशी आहे: दुसऱ्या कंपन्यांना यंत्रसामग्री विकायची, काम मुख्यतः नवे ग्राहक मिळवण्याचं, आणि एक सौदा पक्का व्हायला साधारण तीन महिने लागतात. तीन अर्ज आले. (तिन्ही उदाहरणापुरते रचलेले आहेत.)

अ लिहितो, ‘टार्गेटच्या १४० टक्के विक्री’. अनुभव एका वर्षाचा. जाहिरातीतल्या पंधरा कौशल्यांपैकी चौदा त्याच्या रेझ्युमेत आहेत.

ब लिहिते, ‘तीन वर्षांत सरासरी १०४ टक्के’. कौशल्यं सहाच नोंदवलीत.

क लिहितो, ‘सातत्याने टार्गेट ओलांडले’. आकडा नाही. कौशल्यं तेरा.

नेहमीच्या पद्धतीची गुणपत्रिका काय करते? शंभर टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर पूर्ण ७०. आकडा नसला तरी ओलांडल्याचा दावा असेल तर ६०. ऐंशी ते शंभरच्या मध्ये असेल तर ५०. कौशल्याला प्रत्येकी २ गुण.

अ ला ७० अधिक २८, म्हणजे ९८. क ला ६० अधिक २६, म्हणजे ८६. ब ला ७० अधिक १२, म्हणजे ८२. ब सगळ्यात शेवटी.

टार्गेटच्या रकान्यात सर्वांत वरच्या आणि खालच्या उमेदवारात फरक १० गुणांचा, कौशल्यांच्या रकान्यात १६ गुणांचा. कागदावर ७०:३० असलेलं प्रमाण प्रत्यक्षात उलटं झालंय. आणि कौशल्यांचा तो रकाना मोजतो तरी काय? जाहिरात वाचून रेझ्युमेत किती शब्द टाकले, एवढंच. ‘वाटाघाटी’ हा शब्द लिहायला वाटाघाटी याव्या लागत नाहीत.

आपली गुणपत्रिका या रोगाने आजारी आहे का हे ओळखायला सोपी चाचणी आहे. कौशल्यांचा रकाना झाका आणि पुन्हा क्रमवारी लावा. मग टार्गेटचा झाका आणि पुन्हा लावा. टार्गेट झाकूनही यादी जवळपास तशीच राहत असेल, तर टार्गेटला तुम्ही कितीही वेटेज द्या, ते नावापुरतं आहे.

## मग टार्गेटचे गुण वाढवून ९० करायचे का?

अनेक ठिकाणी हेच करतात, आणि उपयोग फारसा होत नाही. ज्या रकान्यात सगळे सारखेच दिसतात तो फुगवून फरक तयार होत नाही. फरक प्रामाणिकपणे दिसेल असं त्या रकान्याचं मोजमाप बदलावं लागतं.

पहिला बदल असा की टक्केवारी एकटी घ्यायची नाही, टीमच्या सरासरीशेजारी ठेवायची. १४० टक्के हा आकडा भारी वाटतो. पण त्याच वर्षी त्याच टीमची सरासरी १३५ असेल तर? पेपरच सोपा होता. टार्गेट कमी ठेवलं होतं, किंवा त्या वर्षी बाजार तेजीत होता, किंवा नवं उत्पादन आपोआप विकलं जात होतं. उलट १०४ टक्के हा आकडा पुसट वाटतो, पण टीमची सरासरी ८२ असेल तर त्या माणसाने अवघड पेपर सोडवलाय.

टार्गेट कोणी एक माणूस कुठेतरी बसून ठरवतो. कधी मागच्या वर्षीच्या विक्रीत ठरावीक टक्के वाढवून, कधी वरून आलेला आकडा डोक्यांवर वाटून. त्यामुळे एका कंपनीतले शंभर टक्के आणि दुसऱ्या कंपनीतले शंभर टक्के यांची थेट तुलना होत नाही. टीमची सरासरी हा त्यावरचा परिपूर्ण नाही पण बराच चांगला उतारा आहे, कारण ते टार्गेट, तो बाजार, ते उत्पादन सगळ्या टीमला सारखंच असतं.

समजा, अ आणि ब च्या टीमच्या सरासरी अशाच होत्या. तर अ चं गुणोत्तर १४० भागिले १३५, म्हणजे सुमारे १.०४. सरासरीपेक्षा ४ टक्के वर. ब चं १०४ भागिले ८२, म्हणजे सुमारे १.२७. सरासरीपेक्षा २७ टक्के वर. एवढ्यानेच चित्र फिरलं.

## एका वर्षावर किती विश्वास ठेवायचा

दुसरा बदल काळाचा. सेल्समध्ये नशिबाचा भाग मोठा असतो. एखादा मोठा ग्राहक नेमका त्याच वर्षी खरेदीला निघतो, प्रतिस्पर्ध्याचा माल अडकतो, किंवा आधीच्या माणसाने सहा महिने पिकवलेला सौदा तुमच्या नावावर पक्का होतो. जितका काळ थोडा, तितकं नशिबाचं प्रमाण जास्त. असामान्य आकडा पुढच्या खेपेला सरासरीकडे सरकतो, हे फ्रान्सिस गॅल्टनने १८८६ साली आईवडील आणि मुलांच्या उंचीवरून दाखवलं होतं. विक्रीच्या आकड्यांनाही ते लागू आहे.

म्हणून उमेदवाराच्या जादा कामगिरीपैकी किती धरायची हे तिमाह्या मोजून ठरवायचं. पद्धत अशी: उमेदवाराच्या जितक्या तिमाह्यांची माहिती आहे, त्या संख्येला ‘ती संख्या अधिक चार’ने भागायचं, आणि येईल तेवढाच हिस्सा मान्य करायचा. हे चार म्हणजे आपण प्रत्येकाच्या खात्यात घातलेलं एक वर्षाचं सरासरी काम.

अ च्या तिमाह्या चार. चार भागिले आठ, म्हणजे निम्मा हिस्सा. ४ टक्क्यांचे झाले २. ब च्या तिमाह्या बारा. बारा भागिले सोळा, म्हणजे पाऊण हिस्सा. २७ टक्क्यांचे झाले २०.

चारच का? हा निवाड्याचा भाग आहे आणि तो तसा मान्य करावा. सौदे मोठे, थोडे आणि रेंगाळणारे असतील तर एकेका सौद्याने आकडा हलतो, तिथे सहा किंवा आठ धरलेले बरे. रोज वीस-पंचवीस छोटे सौदे होत असतील तर एका तिमाहीतही खरी कुवत दिसते, तिथे एक-दोन पुरे. फक्त अर्ज पाहण्याआधी आकडा ठरवा. नंतर ठरवला की आवडत्या उमेदवाराच्या सोयीचा आकडा सापडतोच.

आता याचे ७० पैकी गुण करायचे. सरासरी काम म्हणजे बरोबर मध्यावर, ३५. सरासरीपेक्षा प्रत्येक टक्का वर असेल तर एक गुण जास्त, खाली असेल तर एक कमी. अ ला ३७, ब ला ५५.

आणि क? त्याने आकडाच दिलेला नाही. माहिती असलेल्या तिमाह्या शून्य, म्हणून मान्य हिस्सा शून्य, म्हणून ३५. नुसत्या विशेषणाला बक्षीस नाही आणि आकडा न लिहिल्याची फाशीही नाही.

## कौशल्यं काढूनच टाकायची?

नाही. पण त्यांची जागा बदलायची. आताच्या नव्या गुणांत जुनेच कौशल्यांचे गुण मिळवून पाहा: अ ६५, ब ६७, क ६१. ब वर आली खरी, पण जेमतेम. शब्दांच्या रांगेने अजूनही जवळपास सगळं खेचून घेतलंय.

पंधरा कौशल्यांपैकी ज्यांच्याशिवाय काम पहिल्या दिवशीच अडेल अशी तीन-चारच निघतात. ग्राहकांची भाषा बोलता येणं, फिरतीची तयारी, यंत्राचा तांत्रिक तपशील वाचून समजणं. ही कौशल्यं दारावरच्या प्रश्नासारखी वापरायची: आहे किंवा नाही. असेल तर आत, नसेल तर बाहेर, गुण कोणालाच नाहीत. बाकीची अकरा-बारा, म्हणजे संवादकौशल्य, नेतृत्व, अमुक सॉफ्टवेअर वगैरे, रेझ्युमेवरून मोजायचीच नाहीत. त्यातली काही खरंच हवी असतील तर मुलाखतीत सगळ्यांना तोच प्रसंग देऊन, त्याच निकषांवर तपासायची. विक्रीसाठीचं सॉफ्टवेअर तर नवा माणूस पहिल्या आठवड्यांत शिकून घेतो. त्यावरून कोणाला नाकारणं मला तरी पटत नाही.

रिकामे झालेले ३० गुण कशाला द्यायचे? विक्रीचा प्रकार या जागेशी किती जुळतो त्याला. यात तीन गोष्टी पाहायच्या: विक्रीतला किती हिस्सा नव्या ग्राहकांकडून आला, एका सौद्याचा आकार साधारण केवढा होता, आणि तो पक्का व्हायला किती काळ लागत होता. प्रत्येकी दहा गुण.

हा रकाना ब ला जड जातो. विचारल्यावर कळतं की तिची निम्मी विक्री जुन्या ग्राहकांच्या करारांच्या नूतनीकरणातून आली होती. तिला १८ मिळतात. अ पूर्णपणे नव्या ग्राहकांवर काम करत होता, सौदे मात्र लहान; त्याला २४. बेरीज: ब ७३, अ ६१. नूतनीकरणाचा वाटा निम्म्याऐवजी ९० टक्के असता तर मी तिचा टार्गेटचा आकडासुद्धा जसाच्या तसा घेतला नसता, फक्त नव्या ग्राहकांपुरतं टार्गेट आणि त्यातली कामगिरी मागितली असती. जुना ग्राहक टिकवणं आणि अनोळखी दार ठोठावणं ही दोन वेगळी कामं आहेत.

## ‘टीमची सरासरी उमेदवाराला कुठून माहीत असणार?’

बहुतेकांना माहीत असते. सेल्सच्या टीममध्ये दर महिन्याला सगळ्यांचे आकडे एकाच तक्त्यावर दाखवायची पद्धत फार जुनी आहे. नेमकी सरासरी आठवत नसेल तर असं विचारा: टीममध्ये किती जण होते? त्या वर्षी त्यांपैकी किती जणांनी टार्गेट गाठलं? तुमचा क्रमांक कितवा? बारा जणांपैकी तिघांनीच गाठलं आणि उमेदवार दुसरा होता, एवढ्यावरून तो सरासरीच्या किती वर असावा याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. टीमच दोन-तीन जणांची असेल तर मात्र सरासरी डळमळीत असते, तिथे जादा कामगिरीचा मान्य हिस्सा आणखी कमी धरावा.

क ला असा फोन केला. तो म्हणाला, आठ तिमाह्या, सरासरी १०२ टक्के. टीम? दहापैकी नऊ जणांनी गाठलं, सरासरी १०० च्या आसपास. म्हणजे ‘सातत्याने ओलांडले’ हे अक्षरशः खरं होतं. तसं टीममधल्या जवळपास सगळ्यांनीच टार्गेट गाठलं होतं. त्याचे टार्गेटचे गुण ३५ वरून ३६ झाले, विक्रीच्या प्रकाराचे २० मिळाले, बेरीज ५६.

फोनवर वर्षाचा एकच आकडा घेऊ नका, तिमाहीनुसार विचारा. समजा, चारही तिमाह्यांचं टार्गेट सारखंच असलेला कोणी सांगतो, ७०, ८०, २५० आणि ८०. वर्षाची सरासरी १२० येते, पण चारपैकी तीन वेळा टार्गेट हुकलंय आणि सगळा डोलारा एका तिमाहीवर उभा आहे. त्या तिमाहीत काय झालं हे विचारायला हवं. उत्तर चांगलंही असू शकतं. वर्षभर एका मोठ्या ग्राहकामागे लागून तो मिळवला असेल. तो सौदा कोणी सुरू केला, निर्णय घेणारी किती माणसं होती, अडलं कुठे, हे ज्याने काम केलंय तो न अडखळता सांगतो.

## ‘लोक खोटे आकडे सांगतील’

काही सांगतील. पण खोटं विशेषण लिहिण्यापेक्षा खोटा आकडा सांगणं अवघड असतं, कारण तो तपासता येतो आणि उमेदवाराला ते माहीत असतं. आधीच्या मॅनेजरला संदर्भासाठी फोन करताना ‘माणूस कसा होता’ विचारण्याऐवजी तेच तीन प्रश्न विचारा: किती जण, किती जणांनी गाठलं, हा कितवा. उत्तरं जुळली की झालं. उमेदवार अजून तिथेच नोकरीला असेल तर हा फोन त्याच्या परवानगीशिवाय करायचा नाही.

कागद मागायचा असेल तर इन्सेंटिव्हचं पत्र चालतं, पण रकमा झाकून, फक्त टक्केवारी दिसेल असं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत उमेदवाराला आधीचा पगार विचारायला कायद्याने मनाई आहे. तशी मनाई नसली तरी आपल्याला रकमेची गरजच नाही. ग्राहकांची नावंही मागू नयेत. जो उमेदवार जुन्या कंपनीच्या ग्राहकांची यादी मुलाखतीत उघडून दाखवतो, तो उद्या तुमचीही दाखवेल.

## ‘ज्यांना वाईट विभाग मिळाला त्यांचं काय?’

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि टीमच्या सरासरीने तो पूर्ण मिटत नाही. एकाच टीममध्ये एकाला विक्रीसाठी ग्राहकांनी भरलेला विभाग मिळतो, दुसऱ्याला ओसाड. जॅनिस मॅडन यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या दोन मोठ्या शेअर दलाली कंपन्यांचे आकडे तपासले. स्त्री दलालांची विक्री कमी दिसत होती, पण त्यांना मुळात कमी कसदार खाती दिली जात होती. आधीचा इतिहास सारखा असलेली खाती मिळाली तेव्हा त्यांची विक्री पुरुषांइतकीच होती. ‘आकडे खोटं बोलत नाहीत’ म्हणणाऱ्यांना हा अभ्यास दाखवावा.

म्हणून फोनवर आणखी एक प्रश्न हवा: तुम्ही विभाग हातात घेतला तेव्हा विक्री किती होती, सोडला तेव्हा किती? ओसाड विभाग दुप्पट करणाऱ्याचं टार्गेट हुकलेलं असू शकतं. असं दिसलं तर गुण हाताने वाढवावेत आणि का वाढवले ते शेजारी लिहावं. रजेचंही तसंच. प्रसूती किंवा आजारपणाची रजा असेल तर फक्त काम केलेल्या तिमाह्या धरायच्या. नव्या नोकरीतली पहिली एक-दोन तिमाह्या, जेव्हा माणूस उत्पादन शिकत असतो, त्यासुद्धा मोजणीतून वगळणं रास्त.

## ‘एका कंपनीतला हिरा दुसरीकडे चमकेलच असं नाही’

खरंच नाही. बोरिस ग्रोयसबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ ते १९९६ या काळातल्या एक हजाराहून जास्त नामांकित शेअर विश्लेषकांचा अभ्यास केला होता. कंपनी बदलल्यावर त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांची कामगिरी पहिल्याच वर्षी घसरली. विश्लेषक म्हणजे विक्रेते नव्हेत, पण कारण इथेही तेच: कामगिरीचा मोठा भाग कंपनीचं नाव, सहकारी आणि यंत्रणा यांचा असतो. टीमच्या सरासरीने भागल्यावर कंपनीच्या नावाचा फायदा बराचसा निघून जातो, कारण तो सगळ्या टीमला मिळत असतो. विक्रीचा प्रकार जुळवणारे ३० गुण उरलेल्याचा काही भाग पकडतात. बाकी जोखीम उरतेच.

## टार्गेटच नसलेले उमेदवार

नुकतेच शिकून आलेले किंवा दुसऱ्या क्षेत्रातून येणारे. त्यांना या गुणपत्रिकेत घालून सगळ्यांना ३५ देऊ नका. त्यांची वेगळी यादी, वेगळे निकष. विंचर आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली विक्रेत्यांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात एक गंमत दिसली. बुद्धिमत्ता चाचणीतले गुण आणि साहेबांनी दिलेलं मूल्यांकन यांचा चांगला संबंध होता, पण प्रत्यक्ष विक्रीच्या आकड्यांशी तो जवळपास नव्हताच. ध्येय गाठण्याची ओढ मात्र दोन्हींशी जोडलेली होती. नवख्यांच्या मुलाखतीत हुशार वाटणाऱ्यावर भाळण्याआधी हे आठवावं.

## गुणपत्रिका कुठे वापरू नये

पाच-सहा गुणांच्या फरकावर कोणाला बाद करण्यासाठी नाही. क आणि अ मधला फरक ५ गुणांचा आहे. सरासरीचा अंदाज थोडा चुकला तरी तो पुसला जाईल. ब आणि अ मधले १२ गुण थोडे जास्त भरवशाचे. जागा एकच असली तरी तिघांनाही मुलाखतीला बोलवावं, फक्त प्रश्न वेगळे तयार ठेवावेत: अ ला मोठ्या सौद्यांबद्दल, ब ला अनोळखी ग्राहकांबद्दल.

आणि सेल्स मॅनेजर निवडताना तर ही पत्रिका अजिबात नको. बेन्सन, ली आणि श्यू यांनी अमेरिकेतल्या शंभराहून जास्त कंपन्यांचे आकडे तपासून २०१९ मध्ये दाखवलं की कंपन्या सर्वांत जास्त विक्री करणाऱ्यांना बढती देतात, आणि बढतीआधीची विक्री जितकी जास्त, तितकी त्यांच्या हाताखालच्या लोकांची कामगिरी नंतर घसरते. ज्यांनी आधी सहकाऱ्यांबरोबर मिळून सौदे केले होते, ते मॅनेजर म्हणून बरे निघाले. त्या जागेसाठी उमेदवाराच्या स्वतःच्या टार्गेटपेक्षा त्याच्या टीममधल्या किती जणांनी आपापलं टार्गेट गाठलं, हा रकाना लागतो.